सोलर आर्कने विवाहकाळ कसा काढायचा: डिसेंडंट आणि सप्तमेश, एका पत्रिकेच्या आधाराने

दशा-अंतर्दशेत मुरलेल्या माणसाने पाश्चात्त्य पत्रिका हातात घेतली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे काळ कशावरून काढायचा? विंशोत्तरी नाही, महादशेचा स्वामी नाही, मग लग्न कधी हे सांगायचं कसं? पाश्चात्त्य ज्योतिषी त्यासाठी जन्मपत्रिकाच पुढे सरकवतात. सरकवण्याच्या रीती बऱ्याच आहेत, पण नवख्याने सोलर आर्कपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. इथे एकच आकडा काढायचा आणि तोच सगळ्या ग्रहांत मिळवायचा, बस्स. अवघड भाग पुढे येतो. मिळालेल्या योगांपैकी कोणते विवाहाचे धरायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठरवताना खरी कसोटी लागते.

मूळ कल्पना अशी आहे. जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्यातलं एक वर्ष. पंचविसाव्या वर्षाचं पाहायचं असेल तर जन्मानंतर पंचविसाव्या दिवशी रवी कुठे होता ते बघायचं. जन्मरवीपासून तो जितका पुढे गेला, तितक्या अंतराला आर्क म्हणायचं. मग हा आर्क लग्नबिंदू, दशमबिंदू, चंद्र, शनी, प्लुटो अशा सगळ्यांत सारखाच मिळवायचा. त्यामुळे एरवी गोगलगायीच्या चालीने जाणारा प्लुटोही इथे वर्षाला साधारण एक अंश चालतो. विसाव्या शतकात हॅम्बुर्गच्या अल्फ्रेड विटेने आणि त्याच्यानंतर राइनहोल्ड एबर्टिनने ही पद्धत जर्मनीत रुजवली. अमेरिकेत नोएल टिल याने ती घरोघरी नेली.

विवाहासाठी आपल्याला या पत्रिकेतल्या दोनच गोष्टी लागणार आहेत. एक डिसेंडंट, म्हणजे लग्नबिंदूच्या बरोबर समोरचा, सप्तम स्थानाच्या आरंभाचा बिंदू. दुसरा सप्तमेश, म्हणजे डिसेंडंट ज्या राशीत आहे त्या राशीचा स्वामी.

उदाहरणाला इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांची पत्रिका घेऊ. त्यांच्या जन्माची वेळ त्याच दिवशी अधिकृतपणे जाहीर झाली होती. साखरपुड्याची आणि लग्नाची तारीखही जगजाहीर आहे. पडताळा घ्यायला एवढं पुरे.

पहिली पायरी: वेळ कोणत्या घड्याळाची?

जन्म २१ एप्रिल १९२६, लंडन, पहाटे २ वाजून ४० मिनिटं. इथेच पहिला खड्डा आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ १८ एप्रिललाच सुरू झाली होती, म्हणजे घड्याळं तासभर पुढे होती. ग्रीनिच वेळेने जन्म १ वाजून ४० मिनिटांचा. हा एक तास विसरलात तर लग्न मकरेतून थेट कुंभेत जातं, डिसेंडंट कर्केऐवजी सिंहेत येतो आणि सप्तमेश चंद्राऐवजी रवी होतो. पुढचं गणित कितीही अचूक केलंत तरी ते भलत्याच ग्रहाचं होईल.

आपल्याकडच्या जुन्या पत्रिकांनाही हीच भानगड आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळंही एक तास पुढे होती. मुंबईत तर प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असणारा ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं वापरात होता. आजी-आजोबांच्या पत्रिकेवर हात साफ करणार असाल तर वहीत लिहिलेली वेळ यांपैकी कोणती, हे आधी विचारा.

दुसरी पायरी: सायन पत्रिका आणि सप्तमेश

पाश्चात्त्य पत्रिका सायन असते. राणींची सायन पत्रिका मांडली की आपल्या कामाचे आकडे असे येतात: लग्नबिंदू मकर २१°२३′, म्हणून डिसेंडंट कर्क २१°२३′. कर्केचा स्वामी चंद्र, म्हणून सप्तमेश चंद्र, आणि तो सिंह १२°०७′ वर. रवी वृषभ ०°१२′, शुक्र मीन १३°५७′, बुध मेष ४°४०′.

निरयन पत्रिकेची सवय असेल तर एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. १९२६ साली लाहिरी अयनांश २२°४९′ च्या आसपास होता. तो वजा केला तर हेच लग्न धनूच्या शेवटच्या अंशांत येतं, सप्तमात मिथुन येते आणि सप्तमेश बुध होतो. म्हणजे एकाच बाईचे दोन पद्धतींत दोन सप्तमेश. कोणता खरा, या वादात आत्ता पडू नका. फक्त सोलर आर्क वापरताना सायन सप्तमेशच धरा. सायनने जमेना की निरयनचा सप्तमेश आणून बसवायचा, हा खेळ सुरू केलात तर प्रत्येक लग्न जुळेल आणि त्यातून कळणार काहीच नाही.

वृश्चिक, कुंभ आणि मीन या तीन राशींना पाश्चात्त्यांत दोन-दोन स्वामी सांगतात: मंगळ आणि प्लुटो, शनी आणि हर्षल, गुरू आणि नेपच्यून. मी आधी जुना स्वामी घेतो आणि नवा फक्त दुजोऱ्याला ठेवतो. कुंभ डिसेंडंटला तुम्ही पहिल्यांदा हर्षल धरत असाल तर हर्षलच धरा, हरकत नाही. पण पत्रिका बघण्याआधी ठरवा आणि मग बदलू नका.

तिसरी पायरी: आर्क काढणे

लग्न झालं २० नोव्हेंबर १९४७ रोजी, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये. तेव्हा वय २१ वर्षं पूर्ण आणि वर २१३ दिवस. २१३ ला ३६५.२५ ने भागलं की ०.५८३ येतात. म्हणजे वय २१.५८३ वर्षं.

आता वर्षांचे दिवस करा. जन्मवेळेपासून २१ दिवस पुढे गेलं की १२ मे १९२६, ग्रीनिच १ वाजून ४० मिनिटं. उरलेले ०.५८३ दिवस म्हणजे १४ तास. म्हणजे १२ मे १९२६, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं. त्या क्षणी सायन रवी वृषभ २१°०९′ वर होता. जन्मरवी वृषभ ०°१२′. वजाबाकी २०°५७′. हा झाला लग्नाच्या दिवसाचा आर्क.

```
आर्क = (जन्मापासून तितक्या दिवसांनंतरचा रवी) − (जन्मरवी)
२१°०९′ − ०°१२′ = २०°५७′
```

कुठलंही बरं सॉफ्टवेअर हे क्षणात देतं, पण एकदा तरी पंचांग किंवा एफेमेरिस उघडून हाताने करून बघा. ‘वर्षाला एक अंश’ हा ठोकताळा कुठे फसतो ते मग कळतं. इथे वर्षाला एक अंश धरला असता तर आर्क २१°३५′ आला असता, खऱ्यापेक्षा ३८ कलांनी जास्त. रवी वर्षाला साधारण ५८ कला चालतोय, म्हणजे चूक जवळजवळ आठ महिन्यांची. मे ते ऑगस्टच्या सुमारास जन्मलेल्यांचा रवी संथ असतो, त्यामुळे आर्क वयापेक्षा कमी भरतो. डिसेंबर-जानेवारीच्या जन्माला उलट होतं. तिथे रवी दिवसाला एक अंश एक कला चालतो, आणि तिशीपर्यंत आर्क तीस अंशांच्या अर्ध्या अंशाने पुढे निघून गेलेला असतो. काही सॉफ्टवेअरमध्ये रवीची सरासरी गती, ०°५९′०८″, वापरायचा पर्याय असतो. तो नकळत निवडला गेला तर या पत्रिकेत चार महिन्यांचा फरक पडतो. म्हणून सेटिंग एकदा तपासून घ्या.

चौथी पायरी: चार बाजूंनी बघणे

आता हा २०°५७′ सगळ्यांत मिळवायचा आणि चार प्रश्न विचारायचे. सरकवलेला डिसेंडंट कोणत्या जन्मग्रहाला भेटतोय? सरकवलेला कोणता ग्रह जन्मीच्या डिसेंडंटला भेटतोय? सरकवलेला सप्तमेश कोणाला भेटतोय? आणि जन्मीच्या सप्तमेशाला कोण भेटतंय?

राणींच्या पत्रिकेत पहिला प्रश्न विचारला की लगेच उत्तर मिळतं. डिसेंडंट कर्क २१°२३′, त्यात २०°५७′ मिळवले की सिंह १२°२०′. जन्मचंद्र सिंह १२°०७′. म्हणजे सरकवलेला डिसेंडंट लग्नाच्या दिवशी चंद्राच्या युतीत, फरक फक्त १३ कलांचा. आणि हा चंद्रच सप्तमेश. सातव्या स्थानाचा बिंदू चालत चालत त्याच स्थानाच्या मालकापाशी येऊन पोचला. या तंत्रात विवाहाचा याहून स्पष्ट योग क्वचितच मिळतो, आणि म्हणूनच ही पत्रिका शिकवायला निवडली. अशी सगळीकडे सापडेल असं समजू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सौम्य आहे. सरकवलेला रवी वृषभ २१°०९′ वर आहे, आणि तिथून कर्क २१°२३′ वरच्या डिसेंडंटशी लाभयोग होतो, १४ कला बाकी असताना. तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नाही. सरकवलेला चंद्र कन्या ३°०४′ वर येतो आणि तिथून कोणाशीही घट्ट योग करत नाही. चौथ्या प्रश्नात डिसेंडंट सोडला तर दुसरं कोणी नाही.

चारपैकी दोन गप्प, हे अगदी नेहमीचं आहे. नवख्याला वाटतं चारही बोलले पाहिजेत, आणि मग तो दीड-दोन अंश दूरचे योगही ओढून आणतो. तसं करू नका. एक घट्ट योग आणि एक दुजोरा एवढ्यावर थांबायला शिका.

दुजोऱ्यासाठी मी आणखी एकच गोष्ट बघतो, ती शुक्र. सरकवलेला शुक्र मेष ४°५४′ वर येतो, जन्मबुधाच्या युतीत, १४ कलांच्या आत. बुध-शुक्र युतीचा अर्थ वचन, पत्र, शब्द देणं असा लावता येतो. मात्र सातव्या स्थानाचा या युतीशी थेट संबंध नाही, म्हणून तिला मी मुख्य पुरावा धरत नाही.

पाचवी पायरी: योग नेमका केव्हा?

वरचं सगळं आपण लग्नाची तारीख माहीत असताना केलं. पुढचं सांगायचं असेल तर उलट चालावं लागतं. डिसेंडंट चंद्रापर्यंत पोचायला किती आर्क लागतो? सिंह १२°०७′ मधून कर्क २१°२३′ वजा केले की २०°४४′. रवी जन्मस्थानापासून २०°४४′ पुढे, म्हणजे वृषभ २०°५६′ वर कधी होता ते एफेमेरिसमध्ये बघा: १२ मे १९२६, सकाळी सव्वादहाच्या सुमारास. जन्मापासून २१ दिवस आणि साधारण साडेआठ तास.

दिवसांची वर्षं करताना एक सोपा हिशेब हाताशी ठेवा. एफेमेरिसमधले दोन तास म्हणजे आयुष्यातला एक महिना. साडेआठ तास म्हणजे सव्वाचार महिने. २१ एप्रिल १९४७ मध्ये सव्वाचार महिने मिळवले की ऑगस्टचा शेवट येतो.

साखरपुडा जाहीर झाला जुलै १९४७ मध्ये आणि लग्न नोव्हेंबरमध्ये. योग दोन्हींच्या मधोमध पूर्ण होतो. शुक्र-बुध युतीही त्याच सुमाराला पूर्ण होते. रवीचा डिसेंडंटशी लाभयोग फेब्रुवारी १९४८ चा. म्हणजे या पद्धतीने आधी सांगायचं झालं असतं तर ‘१९४७ चा उत्तरार्ध, फार तर १९४८ ची सुरुवात’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता आलं असतं. नोव्हेंबर महिना किंवा वीस तारीख सोलर आर्कमधून निघत नाही. महिना ठरवायला त्या वर्षातली गोचरी बघावी लागते. विशेषतः गुरू आणि शनी जन्मीच्या किंवा सरकवलेल्या डिसेंडंटवर, सप्तमेशावर केव्हा येतात ते.

किती फरक चालवून घ्यायचा, यावर माझी मर्यादा अर्ध्या अंशाची आहे, म्हणजे अलीकडे-पलीकडे सहा-सहा महिने. पुस्तकांत एक अंश मान्य असतो. पण एक अंश अलीकडे आणि एक अंश पलीकडे धरला की दोन वर्षांची खिडकी उघडते, आणि तरुण वयात दोन वर्षांच्या खिडकीत काही ना काही जुळतंच.

वेळेतल्या चुकीचा डिसेंडंटला फटका

आता जरा थांबू. १३ कलांचा तो मेळ बघून हुरळून जाण्याआधी एक हिशेब करा. लंडनच्या अक्षांशावर मकर रास भराभर उगवते. राणींच्या जन्माच्या वेळी लग्नबिंदू साधारण सव्वातीन मिनिटांत एक अंश सरकत होता. आणि सोलर आर्कमध्ये एक अंश म्हणजे एक वर्ष. जाहीर झालेली वेळ २:४०. नेमकी २:३८ असती तर? डिसेंडंट अर्ध्या अंशाहून थोडा जास्त हलला असता आणि योग सात-आठ महिने पुढे ढकलला गेला असता. पाचाच्या पाढ्यातल्या कुठल्याही जन्मवेळेबद्दल हा संशय ठेवलाच पाहिजे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर राशींच्या उगवण्यात एवढी तफावत नसते. तिथे अंशाला सरासरी चार मिनिटं धरा. तरीही दवाखान्यातल्या नोंदीत पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली की वर्षभराहून जास्त फरक पडतो.

सप्तमेशाचं तसं नाही. डिसेंडंटची रास बदलत नाही तोवर सप्तमेश तोच राहतो, आणि ग्रहाची जागा पाच मिनिटांत कलाभरही हलत नाही. अपवाद चंद्राचा. तो तासाला अर्धा अंश चालतो, तरी पाच मिनिटांत फक्त अडीच कला. म्हणून वेळ खात्रीची नसेल तर डिसेंडंटचे योग बाजूला ठेवा आणि सप्तमेशाचे जन्मग्रहांशी होणारे योग तेवढे वापरा. वेळ अजिबात माहीत नसेल तर मात्र सप्तमेशच कळत नाही आणि हे तंत्र तिथे संपतं.

काही जण याचीच उलटी बाजू वापरतात. लग्नाची तारीख घेऊन डिसेंडंट नेमका बसेल अशी जन्मवेळ शोधतात. यात गैर काही नाही, पण मग ते लग्न या तंत्राचा पुरावा म्हणून दाखवायचं नाही. तुम्हीच बसवलेली गोष्ट बसली म्हणून काय सिद्ध होणार? अशा वेळी वेळ लग्नावरून ठरवायची आणि पडताळा वडिलांचा मृत्यू, नोकरी, घर अशा वेगळ्या घटनांवर घ्यायचा. राणींच्या पत्रिकेत हा पडताळा घेता येतो. ६ फेब्रुवारी १९५२ ला वडील, सहावे जॉर्ज, गेले तेव्हा आर्क साधारण पंचवीस अंशांचा होता. सरकवलेला रवी तेव्हा वृषभ २५°१२′ वर होता, आणि जन्मीचा चतुर्थबिंदू वृषभ २५°३२′. म्हणजे रवी चतुर्थबिंदूवर आणि दशमबिंदूच्या बरोबर समोर, त्यात राज्यही आलं आणि वडीलही गेले. दशम-चतुर्थाचे बिंदू याच जन्मवेळेतून येतात, म्हणून २:४० वर विश्वास ठेवायला थोडं बळ मिळतं.

योग आला, लग्न नाही

जुळलेलं उदाहरण दाखवणं सोपं असतं. आता त्याच पत्रिकेत न जुळलेलं बघा. नोव्हेंबर १९४४ मध्ये, साडेअठराव्या वर्षी, आर्क १८°०३′ होता. सप्तमेश चंद्र तेव्हा सरकून कन्या ०°१०′ वर आला. जन्मरवी वृषभ ०°१२′. सप्तमेशाचा रवीशी नवपंचम, दोन कलांच्या आत! कागदावर हा योग अतिशय देखणा आहे. पण त्या वर्षी ना साखरपुडा झाला, ना लग्न.

अशी उदाहरणं बघितल्यामुळेच मी नवपंचम आणि लाभयोग एकटे असतील तर त्यांच्यावर लग्न सांगत नाही. सोलर आर्कमध्ये घटना घडवतात ते युती, प्रतियोग आणि केंद्रयोग. आपल्याकडे केंद्रयोग म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, नवपंचम म्हटलं की समाधान वाटतं. इथे ती सवय सोडावी लागते. लग्न ही आयुष्याची घडी मोडून नवी घालणारी गोष्ट आहे, आणि केंद्रयोगात तेवढा जोर असतो.

तोच डिसेंडंट पुढे चालत राहतो आणि लग्नानंतरही काही सांगतो. या पत्रिकेत तो २९°२९′ आर्क झाल्यावर, म्हणजे १९५६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सिंहेत पोचून कुंभ २०°५२′ वरच्या जन्ममंगळाच्या प्रतियोगात येतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये पती प्रिन्स फिलिप चार महिन्यांच्या सागरी दौऱ्यावर निघाले. ते दूर असतानाच दोघांत बेबनाव असल्याच्या बातम्या परदेशी वर्तमानपत्रांत झळकल्या, आणि राजवाड्याला त्यांचं खंडन करावं लागलं. विवाहित माणसाच्या पत्रिकेत डिसेंडंटला योग आला म्हणून दुसरं लग्न दिसायला लागत नाही. योग सप्तम स्थान जागं झाल्याचं सांगतो. त्या स्थानात तेव्हा काय चाललंय, हे माणसाला विचारूनच कळतं. म्हणून वय आणि परिस्थिती आधी विचारा. सतरा वर्षांच्या मुलीला आणि पंचेचाळिशीतल्या संसारी बाईला तोच योग वेगळा वाचावा लागतो.

आणि लग्न झालं, योग धड नाही

प्रिन्सेस डायना. जन्म १ जुलै १९६१, सँड्रिंगहॅम, संध्याकाळी ७:४५ ही सर्वाधिक वापरली जाणारी वेळ. तिच्या वेळेबद्दल ज्योतिषांत वाद आहेत हे लक्षात ठेवून पुढे वाचा. डिसेंडंट मिथुन १८°२५′, सप्तमेश बुध कर्क ३°१२′ वर. लग्न २९ जुलै १९८१. जुलैचा जन्म, संथ रवी, म्हणून विसाव्या वर्षी आर्क फक्त १९°०९′.

डिसेंडंट सरकून कर्क ७°३४′ वर येतो. नेपच्यूनशी नवपंचम व्हायला अजून अंशभर बाकी आहे, रवीपर्यंत पोचायला दोन अंश. माझ्या मर्यादेत काहीच बसत नाही. सप्तमेश बुध कर्क २२°२१′ वर, आणि तूळ २३°०३′ वरच्या दशमबिंदूशी त्याचा केंद्रयोग होतो आहे. जगापुढे झालेल्या लग्नाला हा योग शोभतो, पण ४२ कला कमी आहेत. तो १९८२ च्या वसंतात पूर्ण होतो. एक अंशाची मर्यादा धरणारा ज्योतिषी याला ‘लागला’ म्हणेल. मी म्हणणार नाही.

या पत्रिकेतला सगळ्यात घट्ट योग वेगळाच आहे. गुरू सरकून कुंभ २४°१५′ वर येतो आणि वृषभ २४°२४′ वरच्या शुक्राशी केंद्रयोग करतो, फरक ९ कलांचा. गुरू इथे लग्नेश आहे. म्हणजे विवाह दिसतो, पण ज्या दाराने आपण तो शोधत होतो त्या दाराने दिसत नाही. मग गुरू-शुक्र हाही विवाहाचा नियम म्हणून यादीत घालायचा का? घातला तर चालेल, पण मग तो प्रत्येक पत्रिकेत आणि प्रत्येक वर्षासाठी तपासायचा, लग्न न झालेल्या वर्षांसहित. नियम वाढवत गेलात की जुळणारी लग्नं वाढतात, आणि खोटे योग त्याहून वेगाने वाढतात.

सराव करताना मी सांगतो ती रीत अशी. ओळखीच्या, लग्न झालेल्या माणसाची पत्रिका घ्या, पण लग्नाची तारीख विचारू नका. डिसेंडंट आणि सप्तमेश यांचे अठरा ते चाळीस वर्षांमधले सगळे युती, प्रतियोग आणि केंद्रयोग वर्षासकट कागदावर लिहा. साधारण पत्रिकेत चारही बाजूंचे मिळून बरेच निघतील. त्यांतली जास्तीत जास्त दोन वर्षं निवडा, निवडीचं कारण शेजारी एका ओळीत लिहा, आणि मगच तारीख विचारा. चुकलेले कागदही फाईलला लावून ठेवा. तुमच्या हातात डिसेंडंट जास्त बोलतो की सप्तमेश, आणि सहा महिन्यांची मर्यादा तुम्हाला पुरते की नाही, याचं उत्तर त्या फाईलमध्ये मिळेल.